‘दोन दिवसांत सोल सुटला’

‘दोन दिवसांत सोल सुटला. १,४०० रुपये पाण्यात. फसवणूक.’

एवढ्या तीन वाक्यांवर एक स्टार. जुलैतल्या एका दुपारी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानाच्या नावाखाली गूगल मॅपवर हा रिव्ह्यू उमटला. गल्ल्यावर बसलेल्या मुलीनं तो वाचला आणि मोबाइल वडिलांसमोर धरला. वडिलांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. ‘आगं, पावसात घालून फिरला असंल की त्यो. लिव तसं.’ तिनं तसं लिहिलं, आणि गोष्ट तिथूनच सुरू झाली.

दुकान, मुलगी आणि तिचे आण्णा ही रचलेल्या गोष्टीतली माणसं आहेत. त्यांना शोधत कुणी जाऊ नये. चप्पल लाईन मात्र खरी आहे, रिव्ह्यूंचे नियम खरे आहेत, आणि पावसात कोल्हापुरी चपलेचं काय होतं हे तर कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. अडचण तीच होती. कोल्हापुरात सांगावं लागत नाही म्हणून दुकानात कुणी सांगतच नव्हतं.

मुलगी दोन बहिणींतली मोठी, घरात सगळे तिला थोरलीच म्हणतात. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दुकान. गावातलं गिऱ्हाईक ठरलेल्या दुकानात जातं, मालकाशी चार शब्द बोलतं आणि घासाघीस करून पैसे देतं. त्याला रिव्ह्यूची गरज नसते. पण चप्पल लाईनचा मोठा धंदा बाहेरगावच्या माणसांवर चालतो. अंबाबाईचं दर्शन आटोपून पुण्या-मुंबईचं कुटुंब चपला घ्यायला वळतं. दुकानाला दुकान लागून आहे, सगळीकडे सारखाच माल टांगलेला दिसतो. कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा हे ठरवायला त्यांच्याजवळ मोबाइलवरचा एक आकडा असतो.

तो आकडा थोरलीनं पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून पाहिला. दुकानाचे तोवर ४० रिव्ह्यू होते, सरासरी ४.५. म्हणजे एकूण १८० स्टार. त्यात हा एक मिळवला की १८१ भागिले ४१, म्हणजे ४.४. असेच आणखी दोन आले तर १८३ भागिले ४३, म्हणजे ४.३. आणि तिथून परत ४.५ वर चढायला पाच-पाच स्टारचे २१ रिव्ह्यू ओळीनं यायला हवेत. हजार रिव्ह्यू असलेल्या दुकानाला एक स्टार जाणवतही नाही. चाळीसवाल्याला तो लागतो.

आण्णांनी सांगितलेलं उत्तर असं होतं: ‘तुम्ही चप्पल पावसात घातली असणार. चामड्याला पाणी चालत नाही हे लहान मुलालाही कळतं. आमचं दुकान तीन पिढ्यांचं आहे, आजवर कुणाची तक्रार नाही.’

उत्तर टाकणं अवघड नसतं. दुकानाच्या खात्यातून लॉग-इन करून गूगलवर दुकानाचं नाव टाकलं की ‘Read reviews’ दिसतं आणि प्रत्येक रिव्ह्यूखाली ‘Reply’. लिहिलेलं बहुतेक वेळा काही मिनिटांत दिसू लागतं आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तशी सूचना जाते. इथंही गेली. त्याच रात्री त्या माणसानं आपला रिव्ह्यू उघडून वाढवला. आधी तीन वाक्यं होती, आता दहा झाली, सोबत सुटलेल्या तळाचा फोटो, आणि शेवटी: ‘मालक उर्मट. चूक गिऱ्हाइकावर ढकलतात.’

पुढच्या चार दिवसांत दोन गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन विचारलं, ‘तुमच्या चपला लवकर सुटतात का हो?’ दोघांनीही फोटो पाहिला होता. तीन पिढ्यांबद्दल कुणीच बोललं नाही.

थोरलीचा मामा पन्हाळ्याला छोटं लॉज चालवतो. लॉजवाल्यांना ही विद्या चप्पलवाल्यांच्या कितीतरी आधी शिकावी लागली. खोली न पाहता लांबून बुकिंग करणारा माणूस आधी रिव्ह्यूच वाचतो. मामानं फोनवर आण्णांचं उत्तर ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे कुणासाठी लिहिलंयस?’

‘ज्यानं तक्रार केली त्याच्यासाठी.’

‘तो माणूस तुझ्या हातून गेला असं धर. आला परत तर देवाची कृपा. पण उद्या चप्पल लाईनमध्ये उभा राहून मोबाइल बघणारा जो आहे ना, तो तुझं उत्तर वाचणाराय. त्याला चपलेची काही माहिती नाही, तुझी तर नाहीच नाही. त्याला एवढंच बघायचंय की माझी चप्पल सुटली तर हे लोक माझ्याशी कसं बोलतील.’

मामा अनुभवानं बोलत होता, पण या बोलण्याला अभ्यासाचाही आधार आहे. दाविदे प्रोसेर्पिओ आणि जॉर्जिओस झेर्वास या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या हॉटेलांचे रिव्ह्यू तपासले. त्यांचा निबंध २०१७ साली ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात आला. हॉटेलं उत्तरं द्यायला लागल्यावर त्यांना मिळणारे रिव्ह्यू सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि सरासरी ०.१२ स्टारनं वर गेली. आकडा लहान आहे, त्यामागचं कारण जास्त बघण्यासारखं आहे. मालक वाचतो आणि उत्तर देतो हे दिसलं की रागाच्या भरात दोन शब्द ठोकून जाणारे लोक कमी होतात. जे तरीही तक्रार करतात ते ती सविस्तर करतात. म्हणजे वाईट रिव्ह्यू कमी होतात, पण उरलेले लांब होतात. हा अभ्यास हॉटेलांचा आहे. चपलेच्या दुकानाला तेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं जुनं उत्तर काढून टाकलं. मालकाला एका रिव्ह्यूखाली एकच उत्तर देता येतं, पण ते केव्हाही बदलता किंवा पुसता येतं. नवं लिहिताना तिनं आण्णांना आधी एक प्रश्न विचारला: ‘पाणी लागलं की नेमकं काय होतं?’

आण्णांना राग आवरता येत नव्हता, पण चपलेबद्दल विचारलं की ते शिक्षक होत. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं असतं. तळ म्हणजे कातड्याचे थर, एकावर एक, कातड्याच्याच वादीनं शिवलेले. जुन्या पद्धतीच्या कामात खिळा नसतो. कोरडं असताना हे पायाला बसत जातं, वर्षानुवर्षं टिकतं. भिजलं की कातडं फुगतं आणि शिवणीवर ताण येतो. मग माणूस घाईनं ती चप्पल उन्हात किंवा गॅसजवळ वाळवतो. कातडं आकसतं, कडक होतं, आणि थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडतात. ओली चप्पल कापडानं टिपून सावलीत, वाऱ्यावर ठेवली तर पुष्कळदा वाचते.

‘हे तुम्ही त्या माणसाला विकताना सांगितलं होतं?’

आण्णा म्हणाले, ‘त्यात काय सांगायचं?’ आणि मग काहीच म्हणाले नाहीत.

नवं उत्तर असं झालं: ‘नमस्कार. चप्पल दोन दिवसांत सुटली, तुमचा खोळंबा झाला, याबद्दल दिलगीर आहोत. या चपलेचा तळ झाडांच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा आहे. तो भिजल्यास थर सुटू शकतात. हे आम्ही विकतानाच सांगायला हवं होतं. चपलेचे जवळून काढलेले दोन फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा. पाण्यामुळे सुटली असेल तर मोफत शिवून देऊ. शिलाईतच दोष असेल तर चप्पल बदलून देऊ किंवा पैसे परत करू.’

यात कुठंही ‘तुम्ही पावसात घातली’ असं म्हटलेलं नाही. तळ भिजल्यावर काय होतं एवढंच सांगितलं आहे. ज्याची चप्पल भिजली होती त्याला ते कळतं, आणि जो उद्या विकत घेणार आहे त्याला फुकटची माहिती मिळते. माफी आहे, पण ती मोघम नाही. जे राहून गेलं त्याच गोष्टीची आहे. शेवटी दुकान काय करणार आणि कधी करणार हे लिहिलं आहे, म्हणजे वाचणाऱ्याला दुकानाचा शब्द तपासता येतो. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे वाक्य तिनं लिहून खोडलं. ते कुठल्याही तक्रारीखाली चालतं, म्हणूनच ते कुणी वाचत नाही.

मामानं आणखी एक गोष्ट विचारली होती: दुकानाच्या पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय का? छापलेलं होतं, चप्पल लाईनमध्येच काय, महाराष्ट्रातल्या निम्म्या पावत्यांवर दिसेल. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यावा लागतो. रंग आवडला नाही, घरी विचार बदलला, या कारणांसाठी ही सक्ती नाही. मालात दोष असेल तर आहे. रिव्ह्यूखाली पावतीचं ते वाक्य पुढं करणारा दुकानदार आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध पुरावा लिहून ठेवतो.

आता दोष कुठला आणि पाण्याचं काम कुठलं, हे ओळखायचं कसं? दोन दिवसांनी फोटो आले आणि आण्णांनी ते मोठे करून पाहिले. पाण्यानं गेलेल्या चपलेची कड फुगलेली, काळपट पडलेली असते, आणि पाणी जिथवर चढलं तिथं डागाची एक रेघ राहते. शिलाईचा दोष असेल तर कातडं कोरडं आणि सपाट असतं. वादी तुटलेली किंवा एखाद्या भोकातून ओवायची राहून गेलेली दिसते. डाव्या चपलेवर पाण्याची रेघ स्पष्ट होती. ‘बग, म्हनलं नव्हतं?’ आण्णा म्हणाले. मग त्यांनी उजवीचा फोटो उघडला. उजवी कोरडी होती. टाचेजवळ दोन भोकं सोडून वादी पुढं गेली होती.

‘आपल्याच कारागिराचं काम हाय,’ ते म्हणाले. चप्पल कुरिअरनं मागवली, दोन्ही तळ नव्यानं शिवले आणि परत पाठवले. कुरिअरचा खर्च दुकानानं सोसला. त्या माणसाचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: ‘मिळाली. छान झालीय. धन्यवाद.’ गूगलवरचा एक स्टार मात्र तसाच राहिला.

यानंतर थोरलीनं मागचे सगळे रिव्ह्यू वाचून काढले आणि एका वहीत तक्रारींची नोंद केली. तारे किती यापेक्षा कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा येते, हे तिला बघायचं होतं. दोनच गोष्टी ठळक निघाल्या: पावसात सुटली, आणि चावते. ‘चावते’ला आण्णांचं उत्तर तयार होतं, ‘नवी कोल्हापुरी चावणारच!’ थोरलीनं ते मोकळं करून लिहिलं. नवं कातडं कडक असतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याला थोडं तेल चोळून चप्पल रात्रभर ठेवा. सुरुवातीला घरातल्या घरात रोज तासभर घाला, लांबच्या फिरायला लगेच नेऊ नका. तरीही एकाच जागी टोचत असेल तर आणा, पट्टा सैल करून देऊ. मूळ रिव्ह्यू लिहिणाऱ्या बाईंनी हे वाचलं की नाही कोण जाणे. पण पुढच्या महिन्यात ठाण्याचं एक जोडपं दुकानात येऊन म्हणालं, ‘तेल कुठलं लावायचं ते सांगा.’ त्यांनी ते उत्तरातच वाचलं होतं.

उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं यावर तिनं साधा नियम धरला: गिऱ्हाइकानं ज्या भाषेत लिहिलं त्या भाषेत. मराठीत लिहायचं तर देवनागरीत. गूगल परभाषेतल्या वाचकाला भाषांतर दाखवतो, आणि देवनागरी मराठीचं भाषांतर बरं होतं. ‘chappal khup chan aahe’ अशा रोमन मराठीचं मात्र काहीही होऊ शकतं.

चांगल्या रिव्ह्यूंना उत्तर देताना ती आधी सगळीकडे ‘धन्यवाद, पुन्हा या’ चिकटवत होती. सलग बारा उत्तरं एकसारखी दिसली की माणसानं लिहिलीत असं वाटत नाही. मग तिनं प्रत्येकात रिव्ह्यूमधली एक गोष्ट उचलायला सुरुवात केली. ‘आजोबांसाठी कापशी घेतली’ असं कुणी लिहिलं तर ‘कापशीचा तळ जड असतो, आजोबांना चालताना जमतेय ना?’ असं ती विचारी. पण पाच स्टार आणि खाली एकही शब्द नाही, अशा रिव्ह्यूंना उत्तर द्यायचं तिनं सोडून दिलं. तिथं बोलण्यासारखं काही नसतं.

सगळ्याच रिव्ह्यूंना उत्तर लागत नाही, काहींना तक्रार लागते. ऑगस्टमध्ये दुकानाला एक स्टार मिळाला, खाली मजकूर: ‘तांबडा रस्सा पाणचट होता, वेटरनं लक्ष दिलं नाही.’ आण्णा मनमुराद हसले, पण सरासरी खाली आलीच. असा भलत्याच ठिकाणी पडलेला रिव्ह्यू त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवरून ‘Report review’ निवडून कळवता येतो. विषयाशी संबंध नसलेला मजकूर, शिवीगाळ, धमकी, कुणाची खासगी माहिती, स्पर्धकानं किंवा पैसे घेऊन लिहिलेलं, ही तक्रारीची मान्य कारणं आहेत. निर्णय मान्य नसेल तर एकदा अपील करता येतं. पण मालकाला पटत नाही किंवा त्याच्या मते गिऱ्हाईक खोटं बोलतंय, एवढ्यावर गूगल रिव्ह्यू काढत नाही. दोघांत खरं कोण, याचा निवाडा करायला तो बसत नाही. रश्श्याचा रिव्ह्यू निघाला. ‘सोल सुटला’ राहिला, आणि तो राहणारच होता.

आण्णांना अधूनमधून सोपे उपाय सुचत. एकानं लिहिलं, ‘मी घेतलेली चप्पल रेक्झिनची निघाली.’ आण्णांनी पावत्यांची फाइल काढली. त्या नावानं खरेदीच नव्हती; त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका पावतीवर मात्र मिळतंजुळतं नाव आणि फोन नंबर होता. ‘ही पावतीच टाक त्येच्या खाली.’ थोरलीनं टाकली नाही. ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती कायद्यानं परवानगी नसताना दुसऱ्याला देणं हीदेखील २०१९ च्या त्याच कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय नाव भलत्याचंच निघालं तर? तिनं लिहिलं: ‘आमच्या दुकानात रेक्झिनची चप्पल विकली जात नाही. आपली पावती आमचीच आहे का, एकदा पाहाल का? आमची असेल तर चप्पल घेऊन या, पट्ट्याची कड आपल्यासमोर कापून दाखवू.’ कापलेल्या कातड्याच्या कडेला तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेला खाली कापड आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा. हे वाक्य वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कसोटी देऊन जातं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत. तरी त्याच नावानं रेक्झिन खपवणारे बाजारात आहेतच, त्यामुळे ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात येणं स्वाभाविक आहे.

दुसरा सोपा उपाय चालत दुकानात आला. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण म्हणाला, महिन्याला शंभर पाच स्टार देतो, पैसे नंतर द्या. आण्णा विचारात पडले. थोरलीनं त्याच्याकडून नमुना म्हणून दुसऱ्या एका दुकानाचं पान मागून घेतलं आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची नावं दाबून पाहिली. एकाच माणसानं एकाच आठवड्यात जयपूरचा दंतवैद्य, गुवाहाटीची जिम आणि इचलकरंजीचं फर्निचरचं दुकान नावाजलं होतं, तिन्ही ठिकाणी ‘Nice product good service’. हे माणसाला दिसतं तर गूगललाही दिसतं. असे रिव्ह्यू काढले जातात, आणि दुकानाला काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद होणं किंवा आधीचे लपवले जाणं अशी शिक्षाही होऊ शकते. मग आत्या-काकूंचे खरे पाच स्टारही त्याच संशयात येतात. तसेही ते नियमात बसत नाहीतच. मालकानं, नोकरानं किंवा घरच्यांनी आपल्याच दुकानाला तारे देणं गूगलला मान्य नाही.

‘मग पाच स्टार देणाऱ्याला दहा टक्के सूट?’ तेही नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं नियमाबाहेर आहे. खूष दिसणाऱ्या गिऱ्हाइकालाच लिहायला सांगून नाराजाला टाळणंही नियमाबाहेर आहे. सगळ्यांना सारखं विचारायला मुभा आहे. त्यासाठी दुकानाला क्यूआर कोड मिळतो. तो आता गल्ल्याजवळ लावलेला आहे, आणि खाली ‘कसं वाटलं ते लिहा’ एवढंच. ‘पाच स्टार द्या’ असं नाही. भारतीय मानक ब्युरोनंही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढलं आहे. ते रिव्ह्यू गोळा करणाऱ्या आणि छापणाऱ्या संस्थांसाठी आहे आणि ऐच्छिक आहे. दुकानदाराला त्याची भीती नको.

मोठा बदल उत्तरांच्या बाहेर झाला. वहीतल्या दोन ठळक तक्रारींवरून थोरलीनं पिशवीत टाकायची एक चिठ्ठी छापून घेतली. मजकूर आण्णांनी सांगितला, तिनं कमी केला: ‘ही चप्पल कातड्याची आहे. पावसात घालू नका. भिजली तर टिपून सावलीत वाळवा, उन्हात नाही. नवी असताना पट्ट्याला आतून तेल लावा. सुटली तर आणा, शिवून देऊ.’ पावसाळ्यात येणाऱ्याला आता आधीच विचारलं जातं, कधी घालणार? लगेच घालायची असेल तर त्याला रबरी तळाची चप्पल दाखवतात आणि तळ रबरी आहे हे सांगूनच विकतात. एखादं गिऱ्हाईक त्यामुळे न घेताच जातं. आण्णांना ते अजून खटकतं. पुढच्या पावसाळ्यात ‘सुटली’ म्हणणारा रिव्ह्यू एकच आला, आणि त्या चपलेची चिठ्ठी पिशवीत टाकायची राहिली होती असं विचारपूस केल्यावर निघालं.

उत्तर लिहून झालं की थोरली ते आजही आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवते. चपलेबद्दलचं चुकलं तर ते दुरुस्त करतात. रागाचं वाक्य सुचवलं तर ती ऐकून घेते आणि लिहीत नाही. उत्तर शक्यतो दुसऱ्या दिवशी जातं. एक रात्र मध्ये गेली की आण्णांच्या सूचना निम्म्यानं कमी होतात.

त्या पहिल्या रिव्ह्यूवर अजून एकच स्टार आहे. वाचकांपैकी कुणी असा रिव्ह्यू लिहिला असेल आणि नंतर दुकानदारानं माल बदलून, दुरुस्त करून किंवा पैसे परत देऊन काम निस्तरलं असेल, तर एक करावं. गूगल मॅपवर आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन तो रिव्ह्यू शोधावा, शेजारच्या तीन ठिपक्यांवरून ‘Edit review’ निवडावं आणि पुढं काय झालं ते दोन ओळींत लिहावं. तारे वाढवायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तक्रार लिहायला वेळ काढला होता, तर तिचा शेवटही लिहायला हवा.